सार्वभौम संपत्ती निधी: तेलाचा पैसा पुढच्या पिढीपर्यंत पोचतो कसा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नॉर्वेच्या तेल निधीची बातमी आली की वाचकांकडून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण मुख्यतः नॉर्वेचंच घेतलं आहे, कारण तिथला हिशेब पूर्ण उघडा असतो आणि कुणालाही ताडून पाहता येतो. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सार्वभौम संपत्ती निधी म्हणजे काय? सरकारी तिजोरी आणि हा निधी यात फरक काय?

तिजोरीत आलेला पैसा त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पातून खर्च होतो. सार्वभौम संपत्ती निधी, म्हणजे सॉव्हरिन वेल्थ फंड, हा देशाच्या मालकीचा गुंतवणुकीचा साठा असतो. त्यात शेअर, रोखे आणि स्थावर मालमत्ता असते, आणि मूळ रक्कम खर्चायची नाही असा काही ना काही नियम त्याला जोडलेला असतो. कोकणात माडाचे नारळ खातात, पण माड विकत नाहीत, तशीच ही व्यवस्था आहे. फरक एवढाच, की तेलाची विहीर हा माड नाही. ती एकदाच फळते. म्हणून आधी तिच्या पैशातून माड लावावे लागतात, आणि हे लावण्याचं काम म्हणजे निधी.

नॉर्वेच्या निधीचं अधिकृत नाव ‘गव्हर्नमेंट पेन्शन फंड ग्लोबल’ आहे. २०२४ अखेर त्यात नॉर्वेच्या चलनात सुमारे १९.७ लाख कोटी क्रोनर होते. लोकसंख्या साधारण ५६ लाख, म्हणजे माणशी ३५ लाख क्रोनर. त्या वेळच्या दराने हे अडीच कोटी रुपयांच्या थोडं वर जातं.

२. असा निधी उभारायला तेलच लागतं का?

नाही. किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटांवर १९५६ मध्ये फॉस्फेटच्या पैशातून निधी सुरू झाला. चिलीकडे तांब्याचा आहे, बोत्सवानाकडे हिऱ्यांचा. सिंगापूरजवळ खनिज काहीच नाही. तिथली जीआयसी ही संस्था १९८१ पासून देशाची साठलेली परकीय गंगाजळी गुंतवते, आणि चीनने २००७ मध्ये निर्यातीतून साठलेल्या डॉलरचा काही भाग वेगळा काढून असंच केलं.

पण या दोन प्रकारांत एक महत्त्वाचा फरक आहे. तेल किंवा खनिज विकणं म्हणजे घरातलं सोनं विकणं. ते उत्पन्न दिसतं, पण खरं तर एका मालमत्तेचं दुसऱ्या मालमत्तेत रूपांतर असतं. निर्यातीतून साठलेला पैसा कमावलेला असतो. म्हणून ‘पुढच्या पिढीचा वाटा’ हा युक्तिवाद खनिजाच्या बाबतीत जास्त ठामपणे लागू होतो. जमिनीतलं जे आपण उपसलं, ते त्यांना पुन्हा कधीच मिळणार नाही.

३. नॉर्वेत तेल कंपन्या काढतात. मग पैसा निधीत येतो कसा?

तीन वाटांनी येतो. पहिली वाट कराची. तेल कंपनीला १०० क्रोनर नफा झाला, तर त्यावर आधी सर्व कंपन्यांना लागू असलेला २२ टक्के कर लागतो. उरले ७८. त्या ७८ वर ७१.८ टक्के खास तेल कर लागतो, तो होतो ५६. म्हणजे १०० पैकी ७८ सरकारकडे जातात आणि २२ कंपनीकडे राहतात. एवढा कर देऊनही कंपन्या टिकतात, कारण विहिरीवर केलेला खर्च करातून वजा होतो. जोखमीतला मोठा हिस्साही अशा रीतीने सरकारच उचलतं.

दुसरी वाट थेट मालकीची. १९८५ पासून अनेक तेलक्षेत्रांत सरकारचा स्वतःचा हिस्सा आहे. सरकार त्या प्रमाणात खर्च भरतं आणि त्या प्रमाणात उत्पन्न घेतं. तिसरी वाट लाभांशाची. इक्विनॉर या कंपनीचे ६७ टक्के शेअर सरकारचे आहेत.

हा सगळा पैसा कायद्याने निधीत जातो. मात्र उलट दिशेनेही एक प्रवाह असतो. तेलाचं उत्पन्न बाजूला ठेवलं तर सरकारचा खर्च त्याच्या कमाईपेक्षा जास्त असतो, आणि ती तूट निधीतून भरून काढली जाते. तेलाचे ७०० आले आणि तूट ४०० ची असेल, तर निधीत खरी वाढ ३०० ची.

ही गोष्ट समजायला निधीची पहिली सहा वर्षं पाहावीत. कायदा १९९० मध्ये झाला. पण बँकांचं संकट आणि मंदी यांमुळे अर्थसंकल्पात तूट होती, म्हणून तेलाचा पैसा आत येऊन लगेच बाहेर जाईल अशी स्थिती होती. मे १९९६ पर्यंत निधी रिकामा राहिला. मग पहिला भरणा झाला, साधारण २०० कोटी क्रोनरचा. सहा वर्षं रिकामं खातं ठेवणं राजकारण्यांना सोपं गेलं नसणार, पण शिल्लक नसताना शिल्लक दाखवली नाही, हेच त्या कायद्याचं बळ.

४. सगळा पैसा परदेशातच का गुंतवतात? आपल्याच देशात रस्ते, कारखाने, रुग्णालयं का नाही उभारत?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि रास्तही आहे. दोन कारणं आहेत.

पहिलं चलनाचं. तेल डॉलरमध्ये विकलं जातं. ते सगळे डॉलर देशात खर्च करायचे तर आधी क्रोनर विकत घ्यावे लागतात, आणि मग क्रोनर महाग होतो. आता बर्गनचा एक मासळी निर्यातदार घ्या. त्याच्या मालाला परदेशात १०० डॉलर मिळतात. कालपर्यंत त्याचे ९०० क्रोनर होत होते, क्रोनर वधारल्यावर ७०० होतात. तिकडे तेलक्षेत्रात पगार वाढल्यामुळे त्याच्या खलाशांचे आणि कामगारांचे पगारही वाढलेले असतात. दोन्ही बाजूंनी तो चेपला जातो आणि धंदा बंद करतो. तेल संपतं तेव्हा मासळीचा धंदा परत उभा करायला माणसंही उरलेली नसतात आणि कौशल्यही. (इथले दर समजण्यापुरते आहेत.) नेदरलँड्समध्ये १९५९ ला ग्रोनिंगनचा वायुसाठा सापडल्यानंतर असंच झालं, म्हणून या दुखण्याला ‘डच रोग’ म्हणतात.

दुसरं कारण राजकीय. निधीला देशात गुंतवायची मुभा असेल, तर तो दुसरा अर्थसंकल्प बनतो. विधिमंडळात नामंजूर झालेला पूल ‘गुंतवणूक’ म्हणून निधीतून बांधला जातो. नॉर्वेत हा दरवाजाच बंद आहे. निधी नॉर्वेच्या कंपन्यांचे शेअर घेत नाही. रस्ते आणि रुग्णालयं होतात, पण ती अर्थसंकल्पातून, बाकी मागण्यांशी स्पर्धा करून.

तरी हे उत्तर प्रत्येक देशाला लागू नाही. जिथे वीज नाही, शाळेला छप्पर नाही, तिथे न्यूयॉर्कचे शेअर घेण्यापेक्षा छप्पर घालणं हीच चांगली गुंतवणूक असू शकते. पण तेही अर्थसंकल्पातून, सगळ्यांसमोर व्हायला हवं.

५. ‘३ टक्क्यांचा नियम’ काय आहे? आकडे घालून सांगा.

निधीतून वर्षाला सरासरी किती काढायचं, याचा हा नियम. वर्षाच्या सुरुवातीच्या मूल्याच्या ३ टक्के. २०२५ च्या सुरुवातीला निधीत १९.७ लाख कोटी क्रोनर होते, त्याचे ३ टक्के म्हणजे सुमारे ५९ हजार कोटी क्रोनर. अर्थसंकल्पातली तेलाशिवायची तूट या आकड्याच्या आसपास राहिली पाहिजे.

३ टक्केच का, हे घरच्या उदाहरणाने पाहू. तुमच्याकडे एक कोटीची ठेव आहे, व्याज ७ टक्के, महागाई ५ टक्के. व्याजाचे सातही लाख खर्च केले, तर ठेव कागदावर एक कोटीच राहते, पण तिच्यात दरवर्षी कमी वस्तू येतात. ठेवीची खरी किंमत राखायची तर पाच लाख परत तिच्यातच टाकावे लागतात आणि दोनच लाख खर्चता येतात. निधीचा ३ टक्के हा आकडा म्हणजे हे ‘दोन लाख’. महागाई वजा करून दीर्घकाळात अपेक्षित असलेला परतावा. २००१ मध्ये नियम झाला तेव्हा तो ४ टक्के होता. जगभर व्याजदर घटले आणि तेवढा परतावा मिळेल असं वाटेना, म्हणून २०१७ मध्ये ३ वर आणला.

या नियमाचा सर्वांत मोठा फायदा सहसा सांगितला जात नाही. अर्थसंकल्पाचा तेलाच्या त्या वर्षीच्या भावाशी संबंध तुटतो. भाव दुप्पट झाला तरी यंदा खर्चायला मिळणारी रक्कम फारशी हलत नाही, जास्तीचा पैसा निधीत जातो आणि त्याचे ३ टक्के पुढच्या वर्षांत मिळत राहतात. भाव कोसळला तरी शिक्षकांचे पगार थांबत नाहीत.

६. ३ टक्के ही कमाल मर्यादा आहे का? एखाद्या वर्षी जास्त काढले तर?

कमाल मर्यादा नाही. मंदीत जास्त आणि तेजीत कमी काढून सरासरी ३ च्या आसपास ठेवायची, असा तो आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात ३ टक्क्यांहून जास्त काढले गेले, नंतरच्या वर्षांत टक्केवारी पुन्हा ३ च्या खाली आली. शेअर बाजार एकदम पडला, तर खर्चही त्याच वर्षी छाटायचा नाही, तो फरक काही वर्षांत पसरायचा.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. हा नियम नॉर्वेच्या राज्यघटनेत नाही. साधं बहुमत तो बदलू शकतं. टिकला आहे तो पक्षांमधल्या सहमतीवर आणि आकडे दरवर्षी जाहीर होण्यावर. ही सहमती नसेल तर काय होतं, ते प्रश्न १० मध्ये.

७. पैसा नेमका कशात आहे आणि निर्णय कोण घेतं?

साधारण ७० टक्के शेअर, बाकी बहुतांश रोखे, थोडी स्थावर मालमत्ता, आणि अगदी किंचित हिस्सा पवनऊर्जेसारख्या प्रकल्पांत. जगातल्या सात हजारांहून अधिक नोंदणीकृत कंपन्यांचे शेअर निधीकडे आहेत. जगातल्या सगळ्या नोंदणीकृत शेअरपैकी सरासरी दीड टक्का, म्हणजे दर ७० शेअरांमागे एक.

सुरुवात अशी नव्हती. पहिला पैसा फक्त सरकारी रोख्यांत होता. १९९८ पासून शेअर आले, तेही ४० टक्के. २००७ मध्ये ६० आणि २०१७ मध्ये ७० टक्क्यांचा निर्णय झाला.

जबाबदारीची वाटणी स्पष्ट आहे. शेअर आणि रोख्यांचं प्रमाण किती, कोणत्या निर्देशांकाच्या मागे जायचं, हे अर्थमंत्रालय ठरवतं आणि मोठे बदल संसदेपुढे ठेवतं. रोजची खरेदी-विक्री मध्यवर्ती बँकेचा स्वतंत्र विभाग करतो. निर्देशांकापासून किती दूर जायचं याला मर्यादा आहे, आणि एका कंपनीत १० टक्क्यांहून जास्त मतदानाचा हक्क घ्यायचा नाही. म्हणजे ‘हुशार माणसाने कंपन्या निवडल्या’ असा हा निधी नाही. जगातल्या बाजाराचा तुकडाच उचलला आहे, म्हणून व्यवस्थापनाचा खर्चही १०० क्रोनरमागे चार-पाच पैशांइतका कमी पडतो.

८. बाजार कोसळला तर पुढच्या पिढीचा पैसा बुडत नाही का?

कागदावर बुडतो. २००८ मध्ये निधीचा परतावा उणे २३.३ टक्के होता. त्या काळात देशात मोठी चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच वेळी निधी शेअरचं प्रमाण ४० वरून ६० टक्क्यांकडे नेत होता आणि तेलाचा नवा पैसा येत होता. त्यामुळे पडत्या भावात खरेदी चालू राहिली. २००९ मध्ये परतावा २५.६ टक्के मिळाला.

इथे यंत्रणा नीट समजून घ्या. शेअर पडले की निधीत त्यांचं प्रमाण ठरल्यापेक्षा कमी होतं. ते एका मर्यादेखाली गेलं की रोखे विकून शेअर घ्यावे लागतात, कुणाला धीर असो वा नसो. हे जमतं कारण निधीला उद्या कुणाला पैसे परत द्यायचे नाहीत. म्युच्युअल फंडाकडून घाबरलेले गुंतवणूकदार पैसे मागतात तेव्हा त्याला पडत्या भावात विकावं लागतं. या निधीकडे तशी रांग लागत नाही. नावात ‘पेन्शन’ असलं तरी तो कुणालाही पेन्शन देत नाही. ते नाव २००६ मध्ये दिलं गेलं, भविष्यातल्या खर्चाची आठवण म्हणून.

९. २०२२ मध्ये १.६४ लाख कोटी क्रोनरचा तोटा झाला म्हणतात, पण वर्षअखेर निधी मोठाच दिसतो. हे कसं?

दोन्ही खरं आहे. हिशेब असा. वर्षाच्या सुरुवातीला निधीत १२.३४ लाख कोटी क्रोनर होते. शेअर आणि रोखे दोन्ही पडल्याने १.६४ लाख कोटी गेले. परतावा उणे १४.१ टक्के. पण युक्रेन युद्धामुळे वायूचे भाव भडकले होते आणि नॉर्वे वायू विकतो, त्यामुळे १.०९ लाख कोटी नवे आले. शिवाय क्रोनर घसरला. निधीची मालमत्ता डॉलर, युरो, येनमध्ये आहे. क्रोनर स्वस्त झाला की त्याच मालमत्तेचे क्रोनर जास्त होतात. या कारणाने ०.६४ लाख कोटी वाढले. गोळाबेरीज १२.४३ लाख कोटी.

म्हणून निधीचा क्रोनरमधला आकडा वाढला असं वाचलं, की लगेच ‘कमावलं’ म्हणू नये. चलनामुळे झालेली वाढ ही परदेशात काही जास्त विकत घेऊ देत नाही. परतावा किती, नवा पैसा किती आणि चलनाचा फरक किती, हे तिन्ही वेगळे पाहायचे. वार्षिक अहवालात ते वेगळेच दिलेले असतात.

१०. निधी आहे म्हणजे देश बचत करतोय, असंच ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. निधी हे भांडं आहे. भांड्यात एका बाजूने ओतायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर कर्ज काढायचं, असंही चालतं. निधीत १०० टाकले आणि त्याच वर्षी १०० चं कर्ज जास्त काढलं, तर पुढच्या पिढीला १०० ची ठेव आणि १०० चं देणं मिळतं. कर्जावरचं व्याज ठेवीच्या परताव्याहून जास्त असेल, तर ती पिढी तोट्यातच.

बिघाड कसा होतो ते तिमोर-लेस्तेमध्ये दिसतं. २००५ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या सल्ल्याने कायदा केला. निधी आणि जमिनीतलं उरलेलं तेल यांच्या एकत्रित किमतीच्या ३ टक्के एवढंच दरवर्षी काढायचं. आकडे जाहीर होतात, हिशेब स्वच्छ आहेत. पण कायद्यात एक वाट आहे. सरकारने संसदेला सविस्तर कारण दिलं, तर जास्त काढता येतं. ती वाट अपवादासाठी होती, आणि गेली अनेक वर्षं जवळपास दरवर्षी वापरली गेली. देश गरीब, दीर्घ संघर्षातून नुकताच उठलेला. प्रत्येक वर्षीचं कारण स्वतःपुरतं पटणारं होतं. पण दरम्यान बायू-उंदान हे मुख्य वायुक्षेत्र आटलं, आणि निधी पुढच्या दशकात संपू शकतो असे इशारे येत आहेत.

नाउरूची गोष्ट याहून वाईट. फॉस्फेटच्या जोरावर १९७० च्या दशकात ते बेट माणशी उत्पन्नात जगातल्या आघाडीच्या देशांत होतं. निधीही होता. पण पैसे मनाला येईल त्या धंद्यांत गेले, तुटीसाठी निधीच्या मालमत्ता तारण ठेवून कर्जं निघाली. मेलबर्नमधली ५२ मजली ‘नाउरू हाउस’ ही इमारत २००४ मध्ये देणी भागवायला विकावी लागली.

बाहेरून ओळखायचं असेल तर तीन ठिकाणी पाहा. निधी वाढतोय तशीच सरकारी कर्जं वाढताहेत का? नियमातला अपवाद सलग किती वर्षं वापरला? आणि निधीच्या मालमत्ता तारण ठेवता येतात का?

११. सरळ लोकांच्या खात्यात पैसे का टाकत नाहीत?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात टाकतात. १९७६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून खनिजांच्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, किमान २५ टक्के भाग कायम निधीत जाईल असं ठरलं. १९८२ पासून दर वर्षी रहिवाशाला लाभांश मिळतो, पहिल्या वर्षी १००० डॉलर आणि लहान मुलांनाही तेवढाच.

याचा एक चांगला परिणाम आहे: प्रत्येक कुटुंबाला निधीचं राखण करावंसं वाटतं. दुसरी बाजू अशी, की तेलाचं उत्पन्न घटल्यावर शाळा आणि लाभांश यांत दरवर्षी भांडण होतं. तिथे राज्याचा आयकर १९८० पासून नाही, आणि तो परत लावायला कुणी तयार नाही. नॉर्वेने उलट केलं. लोक भरपूर कर भरतात, आणि निधीचा वाटा सगळ्यांच्या सेवांमध्ये मिसळतो. माझ्या मते निधी दीर्घकाळ टिकवायचा तर दुसरा मार्ग सुरक्षित, कारण लोकांची कर भरण्याची आणि त्याचा जाब विचारण्याची सवय मोडत नाही.

१२. आपल्या कंपन्यांच्या भागधारकांच्या यादीत ‘गव्हर्नमेंट पेन्शन फंड ग्लोबल’ असं दिसतं. ते हेच का?

हेच. नोंदणीकृत भारतीय कंपन्या दर तिमाहीला भागधारकांची माहिती शेअर बाजाराला देतात आणि एक टक्क्याहून जास्त हिस्सा असलेल्यांची नावं त्यात असतात. निधीने काही भारतीय कंपन्या वगळल्याही आहेत. तंबाखूमुळे आयटीसी २००९ च्या अखेरीपासून बाहेर आहे. नाव यादीत आहे म्हणून शेअर चांगला असं समजू नका. प्रश्न ७ पाहा, निधी बाजाराचा तुकडा उचलतो.

१३. भारताकडे ६०० अब्ज डॉलरहून जास्त गंगाजळी आहे. मग आपला असा निधी का नाही?

कारण ती गंगाजळी कमावलेली शिल्लक नाही. भारताची आयात निर्यातीपेक्षा जास्त असते आणि चालू खात्यावर बहुतेक वर्षी तूटच असते. डॉलर साठतात ते परकीय गुंतवणूक, कर्जं आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवींमधून, म्हणजे उद्या परत जाऊ शकणाऱ्या पैशातून. तो दीर्घ मुदतीच्या शेअरमध्ये अडकवला आणि संकटात रुपया सावरायला डॉलर लागले, तर पडत्या भावात विकावं लागेल. शिवाय केंद्राचा अर्थसंकल्प तुटीचा असतो. कर्ज काढून परदेशी शेअर घेणं म्हणजे प्रश्न १० मधलीच चूक.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गुंतवणूक आणि पायाभूत सुविधा निधीला, म्हणजे एनआयआयएफला, कधी कधी भारताचा सार्वभौम निधी म्हणतात. त्याची दिशा उलटी आहे: अबू धाबी आणि सिंगापूरच्या निधींसारख्यांचा पैसा घेऊन तो भारतात पायाभूत कामांत गुंतवतो.

१४. गोव्यात लोहखनिजाचा असा निधी आहे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. बेकायदा खाणींवरून २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला निकाल दिला. त्यात वर्षाला २ कोटी टनांची हंगामी मर्यादा घातली, आणि विकलेल्या खनिजाच्या रकमेच्या १० टक्के ‘गोवा लोहखनिज कायम निधी’त जमा करायचा आदेश दिला. आधार होता शाश्वत विकास आणि पिढ्यांमधला न्याय. भारतात पुढच्या पिढीसाठी खनिजाचा पैसा कायम राखण्याचा असा आदेश फार महत्त्वाचा आहे.

नॉर्वेशी तुलना करताना मात्र टक्के नीट वाचा. गोव्यात १० टक्के विक्रीच्या रकमेवर आहेत, नॉर्वेत ७८ टक्के नफ्यावर. खनिज १०० रुपयांना विकलं आणि काढायला ५० लागले, तर निधीत १० जातात. उरलेले ४० कुणाच्या वाट्याला किती, हे स्वामित्वधन, लिलावाची बोली आणि करांवर अवलंबून. खर्च ९५ असला तरी १० द्यावेच लागतात. (हे आकडेही समजण्यापुरते.) गोवा फाउंडेशनचं म्हणणं असं, की खनिज लोकांचं असेल तर वाजवी खर्च आणि वाजवी नफा सोडून उरलेली सगळी किंमत निधीत यायला हवी. नॉर्वेची करपद्धत जवळपास तेच करते.

१५. मग जिल्हा खनिज प्रतिष्ठान हाही तसाच निधी का? चंद्रपूर, गडचिरोलीतही आहे.

नाही, आणि ही गल्लत बरेचदा होते. जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने आलं. लिलावाने मिळालेल्या खाणपट्ट्यावर स्वामित्वधनाच्या १० टक्के आणि जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के एवढी जास्तीची रक्कम त्यात जमा होते. ती खाणींमुळे बाधित झालेल्या गावांवर आजच खर्चण्यासाठी आहे: पिण्याचं पाणी, दवाखाने, शाळा. धुळीत राहणाऱ्या माणसाचा तो आजचा हक्क आहे आणि तो राखून ठेवणं अन्यायाचं होईल. त्यामुळे गावच्या ग्रामसभेत या पैशाबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा: गेल्या वर्षी किती जमा झाले, त्यातले किती खर्च झाले, आणि त्यातले किती बाधित गावांत खर्च झाले.